देणगीचे आवाहन आणि हिशेबाचे निवेदन

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देणगी गोळा करताना स्वयंसेवक निवेदन आरतीनंतर वाचतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकतात. आधी आवाहन येते, कामाला सुरुवात झाली की हिशेब.

आवाहनात विश्वस्त संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक, नेमके काम आणि अंदाजे खर्च सांगावा लागतो. ‘मंदिराच्या विकासासाठी’ एवढेच म्हटले, तर पैसा कुठेही वळवता येतो. ‘सभामंडपाचे छप्पर, अंदाजे सहा लाख’ असे म्हटले की हात बांधले जातात, आणि ते बांधलेलेच बरे. पैसे उरले तर काय करणार, हेही तेव्हाच सांगावे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेच्या खात्याचे नाव दिसले पाहिजे. एखाद्या कार्यकर्त्याचे नाव दिसले, तर देणगीदाराने तिथेच थांबावे. नोंदणी नसलेल्या मंडळाला महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. करसवलतीचा उल्लेख संस्थेला तशी मान्यता असेल तरच करावा, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही सांगावे.

खरा कस लागतो तो हिशेबात. समजा, निवेदन असे आहे:

‘पावती क्रमांक 201 ते 318, त्यांतील दोन रद्द. रोख जमा 1,48,600 रुपये, बँकेतून 2,36,400, एकूण 3,85,000. छपराच्या पत्र्यांना आणि मजुरीला 2,10,000 दिले. शिल्लक 1,75,000, त्यातले 1,71,500 बँकेत, 3,500 हातात. बिले आणि स्थळप्रती कार्यालयात पाहता येतील.’

यात देणगीदारांची नावे नाहीत, तरी ज्याच्याकडे 247 क्रमांकाची पावती आहे त्याला आपली रक्कम स्थळप्रतीत शोधता येते. रद्द पावत्यांच्या दोन्ही प्रती पुस्तकातच चिकटवलेल्या असाव्या लागतात, नाहीतर रद्द म्हणून दाखवलेली पावती प्रत्यक्षात कोणाला तरी दिलेली असू शकते. रोख रक्कम आधी बँकेत भरून मग खर्च करावी. गोळा झालेल्या रोकडीतूनच गवंड्याची मजुरी भागवली, की भरण्याच्या चलनांची बेरीज रोख पावत्यांशी जुळत नाही आणि पैसे खाल्ले की खर्चले, हे कागदावरून कळेनासे होते. प्रामाणिक माणसांवर संशय येतो तो बहुतेक वेळा इथेच.

दानपेटीतील पैशांना पावती नसते. म्हणून पेटी निदान दोन विश्वस्त आणि काही भाविकांसमोर उघडून मोजणीचा पंचनामा करतात, आणि निवेदनात ती रक्कम वेगळी सांगतात. कोणी सिमेंटची पोती किंवा पत्रे दिले, तर ते रोख बेरजेत धरत नाहीत. वस्तूंच्या नोंदवहीत त्यांची संख्या लिहून वेगळी पावती देतात, आणि त्यातून वाचलेला खर्च मूळ अंदाजातून वजा करून दाखवतात.