पोच दिली नाही, पण ऑर्डर गेली होती

शेअर बाजारात आपोआप सौदे करणाऱ्या व्यवस्थेत बहुतेकदा दोन प्रोग्राम वेगवेगळे चालतात. एक भाव पाहून ‘घ्या’ किंवा ‘विका’ असा सिग्नल काढतो. दुसरा त्याची ऑर्डर करून ब्रोकरकडे पाठवतो. एक कोसळला म्हणून दुसरा बंद पडू नये, म्हणून ही फारकत. मधला निरोप्या बऱ्याचदा रेडिस असतो. त्याची पब-सब ही सोय वापरली, तर ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसल्यास निरोप कायमचा जातो. म्हणून इथे 2018 साली आलेली स्ट्रीम वापरावी.

```
XADD signals * sym INFY side BUY qty 50
XREADGROUP GROUP orders w1 STREAMS signals >
XACK signals orders 1718340300000-0
```

पहिली ओळ सिग्नल नोंदवते आणि रेडिस त्याला क्रमांक देतो. क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे मिलिसेकंदांतली वेळ. इथे 14 जून 2024, सकाळी सव्वादहा. दुसऱ्या ओळीने ऑर्डरवाला सिग्नल उचलतो. तिसरी ओळ ही पोच. ती येईपर्यंत हा सिग्नल w1 च्या नावावर ‘प्रलंबित’ राहतो.

आता समजा, ब्रोकरकडे ऑर्डर गेली आणि पोच देण्याआधीच w1 कोसळला. पुन्हा सुरू झाल्यावर तो `>` ऐवजी `0` देऊन वाचतो, तेव्हा त्याच्या नावावरचे प्रलंबित सिग्नल परत हाती येतात. त्यात हाच सिग्नल असतो. त्याने मुकाट्याने ऑर्डर टाकली, तर 50 ऐवजी 100 शेअर गळ्यात पडतात. ‘मग पोच आधीच देऊ,’ असं कुणी म्हणेल. पण तेव्हा पोच आणि ऑर्डर यांच्यामध्ये कोसळलं की सौदाच होत नाही. दोन्हींतलं एक संकट पत्करावंच लागतं. मी दुसऱ्यांदा येणारा सिग्नल पत्करेन, कारण तो ओळखता येतो: सिग्नलचा क्रमांक ऑर्डरवर खूण म्हणून लावायचा आणि परत आलेल्या सिग्नलसाठी आधी ब्रोकरच्या ऑर्डर बुकात ती खूण शोधायची. सापडली, तर फक्त पोच द्यायची.

नाही सापडली तरी घाई नको. w1 वीस मिनिटं बंद होता, तर सव्वादहाचा खरेदीचा सिग्नल आता शिळा आहे. क्रमांकातली वेळ पाहून तो टाकून द्यावा आणि पोचही द्यावी, नाहीतर तो यादीत अडकून राहील. तोटा थांबवण्यासाठी विकण्याचा सिग्नल मात्र केवळ उशीर झाला म्हणून टाकता येत नाही. तिथे हातात शेअर अजून आहेत का, हे ब्रोकरकडूनच विचारून मग ठरवावं लागतं.

कामकाज चालू असताना `XPENDING signals orders` अधूनमधून पाहावं. सिग्नल थंडावूनही आकडा उतरत नसेल, तर कुणीतरी सिग्नल उचलून बसलं आहे. रेडिसच्या फाइलीत दर सेकंदाला नोंद होईल अशी मांडणी असेल, तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाचे सिग्नल मुळातच नाहीसे होऊ शकतात, आणि तेव्हा ही यादी काहीच सांगत नाही. त्यासाठी सिग्नल काढणाऱ्या प्रोग्रामचीही स्वतःची नोंदवही हवी.