फुग्यावरचा थर्मामीटर मागे का राहतो?

हवामान खात्याचा फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर वेगाने वर चढतो. खालच्या वातावरणात दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते, म्हणजे फुग्याभोवतीची हवा दर सेकंदाला ०.०३२५ अंशाने थंड होत जाते. त्याला लटकवलेला थर्मामीटरही थंड होतो, पण ज्या हवेशी त्याला जुळवून घ्यायचे आहे, ती तोवर आणखी थंड झालेली असते.

न्यूटनचा नियम सांगतो की वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने वस्तू निवते. हवेचे तापमान स्थिर असेल तर हे गणित सोपे असते. इथे हवाच घसरते आहे. सुरुवातीचे तापमान A आणि घसरणीचा दर r मानला, तर समीकरण असे होते:

dT/dt + kT = k(A − rt)

डावीकडे T आणि त्याचा बदलदर अशा दोन गोष्टी एकत्र आल्याने सरळ संकलन करता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना e^(kt) ने गुणायचे. हाच इंटिग्रेटिंग फॅक्टर. तो निवडण्याचे कारण एवढेच की त्याचे विकलन केले की तोच k पट होऊन परत मिळतो. त्यामुळे डावीकडची दोन पदे मिळून T·e^(kt) या एकाच गुणाकाराचे विकलन ठरतात. आता संकलन करायचे (उजवीकडे t असल्याने खंडशः संकलन लागते, विद्यार्थी चिन्हात चुकतात ते नेमके इथेच) आणि e^(kt) ने भागायचे:

T = A − rt + r/k + C·e^(−kt)

पहिली दोन पदे म्हणजे खुद्द हवेचे तापमान. शेवटचे पद काही वेळात विरून जाते. r/k मात्र तसेच राहते.

समजा k सेकंदाला ०.१ आहे आणि जमिनीवर हवा व थर्मामीटर दोन्ही ३० अंशांवर आहेत. मग C = −०.३२५. दहाव्या सेकंदाला हवा २९.६८ वर, तर थर्मामीटर २९.८८ वर असतो. मिनिटाअखेर हवा २८.०५ वर येते आणि थर्मामीटर २८.३७ दाखवतो. पुढे कितीही वेळ गेला तरी हा सुमारे एक तृतीयांश अंशाचा फरक मिटत नाही. थर्मामीटर कायम दहा सेकंदांपूर्वीची, म्हणजे ५० मीटर खालची हवा सांगत राहतो.

हा दोष ओळखायचा कसा? फुगा फुटल्यावर उपकरण पॅराशूटने खाली येते, तेव्हा तोच थर्मामीटर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. चढतानाचा आणि उतरतानाचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. k ठाऊक असेल तर दुरुस्ती सोपी आहे: नोंदीत तिच्याच बदलदराची 1/k पट मिळवायची. अडचण वर गेल्यावर येते. विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते, k घटतो आणि जमिनीवर मोजलेला k तिथे वापरला तर दुरुस्ती अपुरी पडते.