हृदय दुखतं तेव्हा हात का दुखतो?

घरात नातवंडं असतील तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवून घ्या. गोष्ट आजोबाच सांगणार आहेत, पण ती उपयोगी पडायची वेळ आली तर घरात फोन उचलून धावपळ करणारं बहुधा एखादं नातवंडच असेल.

गोष्ट सुरू होते आईच्या पोटात. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा झालेला असतो, लांबीला दोन-तीन मिलिमीटर. त्याला ना हात, ना पाय. आणि तेवढ्यात त्याचं हृदय धडधडू लागतं. पण ते तेव्हा छातीत नसतं, वर मानेच्या आसपास असतं. बाळ वाढतं तसं ते हळूहळू खाली सरकतं आणि छातीत येऊन बसतं. येताना आपल्या मज्जातंतूंचे, म्हणजे निरोप वाहणाऱ्या दोऱ्यांचे, धागे मात्र ते वरूनच घेऊन येतं. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच काम आहे.

मोठ्या माणसाचं हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. एवढं रक्त त्याच्या पोटातून वाहतं, पण स्वतःची भूक ते त्या रक्तावर भागवू शकत नाही. त्याच्या जाड भिंतीला रक्त पुरवायला बाहेरून, पृष्ठभागावरून फिरणाऱ्या वेगळ्या धमन्या आहेत. त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर. त्यातही गंमत बघा, हृदय आवळतं तेव्हा या धमन्यांच्या फांद्या दाबल्या जातात, म्हणून डाव्या बाजूच्या भिंतीला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. जन्मभर धावणारा हा स्नायू विश्रांतीच्या क्षणीच जेवतो.

या धमन्यांच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत जातो. तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब त्याला हातभार लावतात. एखाद्या दिवशी त्या थराचं पातळ आवरण फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते जखम बुजवायला गुठळी करतं. हीच गुठळी, जी बोट कापल्यावर आपला जीव वाचवते, ती तीन मिलिमीटरच्या नळीत बसली की पलीकडचा स्नायू उपाशी मरू लागतो. फाटणारा थर फार मोठा असलाच पाहिजे असंही नाही. म्हणून ‘गेल्या महिन्यात तपासणी केली, सगळं ठीक होतं’ या वाक्यावर विसंबू नका.

आता तो उपाशी स्नायू ओरडतो. त्याची ओरड वरून आणलेल्या त्याच धाग्यांतून पाठीच्या कण्यात पोचते, छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर. आणि नेमक्या तिथेच डाव्या दंडाच्या आतल्या बाजूचे आणि छातीच्या कातडीचे धागेही येऊन मिळतात. नागपूरच्या महालातल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं आणि दारावर घंटा एकच असावी, तसं हे आहे. घंटा वाजली की मेंदू विचारतो, कोणाकडे आलंय? आयुष्यभर त्या वाटेने हाताचेच निरोप आलेले असतात, हृदयाचे कधी फारसे आलेच नाहीत. मेंदू सवयीने म्हणतो, हात दुखतोय. मानेच्या आणि जबड्याच्या दोऱ्यांशीही अशीच गाठ आहे, म्हणून कोणाला फक्त जबडा दुखतो आणि तो दाताच्या डॉक्टरकडे जातो.

१७६८ साली लंडनच्या विल्यम हेबर्डन नावाच्या वैद्याने हे दुखणं फार बारकाईने लिहून ठेवलं. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर छाती आवळते, डाव्या दंडात कळ जाते, माणूस थांबला की कळ थांबते. कारण काय, हे त्याला कळलं नव्हतं. पण रुग्णांचं बोलणं त्याने कान देऊन ऐकलं, आणि ते वर्णन आजही तसंच लागू पडतं. फरक एवढाच की थांबल्यावर जाणारी कळ ही सूचना असते, आणि बसूनही न जाणारी कळ हा झटका असू शकतो.

ही फसगत किती खरी आहे, ते आपला अभिनेता श्रेयस तळपदे याच्या हकीकतीत दिसतं. ती त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. १४ डिसेंबर २०२३, मुंबईत ॲक्शन दृश्यांचं चित्रीकरण चाललं होतं. शेवटचा शॉट झाला आणि त्याला दम लागला, डावा हात दुखू लागला. व्हॅनिटी व्हॅनपर्यंत चालत जाणं आणि कपडे बदलणंही जड झालं. त्याला वाटलं, दिवसभर उड्या मारल्यात, स्नायू ओढला गेला असेल. अगदी शहाणं वाटणारं अनुमान, आणि चूक. गाडीत बसल्यावर थेट दवाखान्यात जावं असं मनात आलं, तरी तो आधी घरी गेला. पत्नी दीप्तीने त्याला त्या अवस्थेत पाहिलं आणि दहा मिनिटांच्या आत त्याला दवाखान्याकडे नेलं. फाटक दिसत होतं, पण रस्ता अडवलेला, गाडी वळवून घ्यावी लागणार होती. तेवढ्यात त्याचा चेहरा बधिर झाला, शुद्ध गेली आणि हृदय थांबलं. लोक मदतीला धावले, डॉक्टरांनी छाती दाबली, विजेचा झटका दिला, मग अँजिओप्लास्टी झाली. तो वाचला.

यात दोन गोष्टी नीट बघा. दम लागणं आणि हात दुखणं एकदम आलं होतं. स्नायू ओढला तर हात दुखेल, दम का लागेल? आणि शुद्ध गेली ती वाटेत. उपाशी स्नायूतून वीज वाकडीतिकडी धावू लागते आणि हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. असं केव्हाही होऊ शकतं. म्हणून अशा माणसाने स्वतः स्कूटर किंवा कार चालवत निघायचं नाही, एकटं तर नाहीच.

आता नागपूरची गोष्ट. समजा, लग्नाचं जेवण झालंय, सावजीचा रस्सा दोन वाट्या जास्त झालाय, आणि रात्री अकराला काकांच्या पोटाच्या वर, छातीच्या मधोमध जळजळू लागलं. घरचे म्हणणार ॲसिडिटी, सोडा द्या. बहुतेक वेळा ती ॲसिडिटीच असते, हे खरं. पण हृदयाची खालची बाजू थेट पोटाच्या पडद्यावर टेकलेली असते. तिथला झटका आला की मळमळ होते, उलटी होते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं. मग ओळखायचं कसं?

काकांच्या अंगाकडे बघा. मे महिना आहे, काका कूलरसमोर बसलेत, आणि तरी कपाळावरून, मानेवरून दरदरून घाम सुटलाय. हात लावा, कातडी थंड लागते. उन्हाने येणारा घाम गरम अंगावर येतो. संकट ओळखलेलं शरीर मात्र कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत वळवतं आणि घामाच्या ग्रंथी मोकळ्या सोडतं, म्हणून हा घाम थंड असतो. जळजळीसोबत थंड घाम, दम, घाबरं होणं, दंडात किंवा जबड्यात कळ यातलं एकही असेल, तर सोड्याची बाटली खाली ठेवा. आणि सोड्याने बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे असंही समजू नका, तो पुरावा नाही.

दुखणं कसं असतं, हे रुग्णाच्या हातावरून पुष्कळदा कळतं. एका बोटाने जागा दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा बरगडीचं किंवा स्नायूचं असतं. पण झटका आलेला माणूस अनेकदा मूठ वळून छातीच्या मधोमध ठेवतो. त्याला टोचत नाही, आवळतं, दडपतं. ‘दुखत नाही, नुसतं जड वाटतंय’ असं म्हणणारे खूप असतात. त्यांच्या या बोलण्याने आपण निश्चिंत व्हायचं नाही.

आणि काहींना छातीत काहीच होत नाही. मधुमेह जुना असेल तर निरोप वाहणारे धागेच बोथट झालेले असतात. आजी-आजोबांत आणि अनेक बायकांत फक्त अचानक दम, विलक्षण थकवा, मळमळ किंवा पाठीत खांद्यांच्या मधे दुखणं एवढंच दिसतं. घरची बाई स्वयंपाकघरात मधेच बसली, ‘काही नाही, जरा गळून गेल्यासारखं होतंय’ म्हणाली, आणि तिला मधुमेह आहे, तर तिचं ‘काही नाही’ ऐकू नका.

अंदाजे पाच मिनिटं शांत बसूनही हे ओसरलं नाही, किंवा सुरुवातीलाच घाम-दम सोबत असेल, तर १०८ लावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. माणसाला बसवा किंवा अर्धवट टेकून ठेवा, जिना उतरायला लावू नका. अ‍ॅस्पिरिनची साधी गोळी, सुमारे ३०० मिलिग्रॅम, चावून घेतल्याने गुठळी वाढायला आळा बसतो. पण अ‍ॅस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा पोटात रक्तस्राव झालेला असेल तर ती द्यायची नाही, म्हणून १०८ च्या डॉक्टरला विचारूनच द्या. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मात्र आपल्या मनाने कोणालाही देऊ नका. तिने रक्तदाब घसरतो, आणि काही झटक्यांत तो घसरणंच घातक ठरतं.

घाई कशाची, तर गुठळीपलीकडचा स्नायू साधारण अर्ध्या तासात मरायला लागतो, आधी आतला थर आणि मग बाहेरचा. पूर्ण मरायला काही तास लागतात. तेवढ्या तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं किंवा अँजिओप्लास्टीने नळी उघडली, तर उरलेला भाग वाचतो. काटोल, उमरेड, रामटेककडच्या लोकांनी हे ऐकून ठेवा. नागपूरला मेडिकलमध्ये पोचेपर्यंत थांबायचं नाही, जिथे लगेच ईसीजी निघेल त्या जवळच्या दवाखान्यात आधी जायचं, कारण इंजेक्शन अनेकदा तिथेही देता येतं. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर उठून घरी येऊ नका. सुरुवातीला तो नॉर्मल दिसू शकतो, आणि रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी काही तासांनीच खरं सांगते. डॉक्टरला ‘पुन्हा काढता का?’ असं विचारायला संकोच करू नका.

माणूस शुद्ध हरपून पडला आणि श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहावं.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला १०८ पाठ आहे का ते विचारा, आणि आजोबांना मधुमेह असेल तर त्यांच्या गोळ्यांची यादी दाराजवळ चिकटवून ठेवा. रुग्णवाहिकेतला डॉक्टर पहिल्यांदा तीच मागेल.