सिग्नलवर मान टाकणारी गाडी

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी गाडी. वीस मिनिटं झकास पळते, मग विद्यापीठ चौकात लाल दिवा लागतो आणि इंजिन मान टाकतं. मागून हॉर्नचा भडिमार सुरू होतो. स्वार बटण दाबत राहतो आणि गाडी दोन-चारदा खोकून एकदाची उठते. हमरस्त्याला मात्र तिची कसलीच तक्रार नसते.

पुण्यातल्या एका हौशी स्वाराच्या जुन्या 250 सीसी जपानी मोटारसायकलचं हेच चाललं होतं. पहिल्या गॅरेजात रेस वाढवून मिळाली. कार्बोरेटरच्या स्क्रूचे दोन-तीन आटे फिरवले आणि 1300वर चालणारं इंजिन 1900 फेऱ्यांवर ठेवलं. गाडी बंद पडेना, पण थंड असताना गुरगुरू लागली आणि पहिला गिअर टाकताच दणका देऊ लागली. मायलेजही घसरलं. बिघाड होता तिथेच होता, फक्त आता तो दिसत नव्हता.

या गाडीचा पेट्रोल कॉक साधा नव्हता. साध्या कॉकला चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा खुणा असतात. हिच्या कॉकवर ON, RES आणि PRI असं लिहिलेलं होतं आणि बंदची खूणच नव्हती. अशा कॉकमध्ये रबराचा एक पातळ पडदा असतो. इंजिन हवा ओढू लागलं की एका बारीक नळीतून तो पडदा ओढला जातो आणि पेट्रोलची वाट उघडते. इंजिन थांबलं की स्प्रिंग ती वाट मिटवते. PRI म्हणजे पडदा वगळून थेट पेट्रोल. कार्बोरेटरच्या बऱ्याच स्कूटरमध्येही असाच आपोआप उघडणारा कॉक असतो, फक्त त्याला बाहेर खटका नसतो.

दुसऱ्या मेकॅनिकने स्क्रूला हात लावण्याआधी गाडी तापवली आणि ती मरायला टेकली तेव्हा चोक किंचित ओढला. चोक ओढल्यावर इंजिन सावरलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा घुसतेय असं समजावं. हे इंजिन सावरण्याऐवजी लगेच विझलं. म्हणजे पेट्रोल आधीच जास्त होतं. प्लग काढला, तो काजळीने काळा. मग त्याने कॉकची बारीक नळी उपसली. तिच्यात फक्त हवा असायला हवी, पण टोकातून पेट्रोलचे थेंब गळले.

पडद्याला चीर गेली होती. इंजिन त्या चिरेतून, कार्बोरेटरला बगल देऊन, कच्चं पेट्रोल चोखत होतं.

मग हे फक्त सिग्नललाच का? थ्रॉटल मिटलेलं असताना इंजिनची ओढ सर्वांत जोरदार असते आणि आत जाणारी हवा सर्वांत थोडी, त्यामुळे चिरेतून येणारं पेट्रोल तेव्हाच नडतं. वेगात हवा भरपूर असते, तिथे ते खपून जातं. थंड इंजिनाला मुळातच जादा पेट्रोल हवं असतं, म्हणून सकाळी हीच चीर फुकटच्या चोकचं काम करत होती! रोग असा औषधाच्या वेषात आला तर भल्याभल्यांची दिशाभूल होते.

खात्री करायला मेकॅनिकने नळी काढून इंजिनकडचं तोंड रबरी टोपीने बंद केलं, कॉक PRIवर टाकला आणि गाडी पंधरा मिनिटं उभ्यानेच चालवली. ती एकदाही विझली नाही.

नळी नुसती तडकली असती तर सगळं उलट दिसलं असतं. हवा आत शिरून मिश्रण पातळ झालं असतं, प्लग पांढुरका पडला असता, फेऱ्या वरखाली झाल्या असत्या आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापलं असतं.

उष्णतेचे बिघाड वेगळेही असतात. टॅपेट फार घट्ट असले तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि इंजिन मंद फेऱ्यांवर तग धरत नाही. हे अंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचं असतं. इग्निशन कॉइल तापून दगा देत असेल, तर बंद पडल्याक्षणी प्लगला ठिणगी दिसत नाही आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा दिसते. ही परीक्षा रस्त्यातच करावी लागते, कारण गॅरेजला पोहोचेपर्यंत पुरावा थंड झालेला असतो.

पडदा आणि नळी बदलल्यावर शेवटी रेसची पाळी आली. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून, चोक पूर्ण बंद करून स्क्रू पुन्हा 1300वर आणला. तेलाच्या काडीला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून इंजिन ऑइलही बदललं. कॉक PRIवरून ONवर आणायची आठवण मेकॅनिकने दोनदा केली, कारण तसाच राहिला आणि कार्बोरेटरची सुई गळकी निघाली तर रात्रीतून पेट्रोल इंजिनात उतरतं.

जुनं ऑइल डब्यात ओतलं तेव्हा ते पाण्यासारखं पातळ झालेलं दिसलं.