७५ टक्के वाढ! पण ऑर्डर किती?

‘सर, आमची ग्रोथ महिन्याला ७५ टक्के आहे,’ असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो: किती वरून किती?

समजा, तुम्ही घरून चिवडा-लाडू विकताय. जूनमध्ये ८ ऑर्डर आल्या, जुलैत १४, ऑगस्टमध्ये २१ आणि सप्टेंबरमध्ये २८. टक्केवारी काढा. जुलैत ७५, ऑगस्टमध्ये ५०, सप्टेंबरमध्ये ३३. वाटतं, धंदा बसायला लागला! आता नुसत्या वाढलेल्या ऑर्डर मोजा: ६, ७, ७. म्हणजे धंदा एकाच चालीने पुढे चाललाय. मागचा आकडा मोठा होत गेला, म्हणून टक्के उतरले.

याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. जुलैचे ७५ टक्के खरे धरून पुढचा माल भरला, तर सप्टेंबरसाठी ४३ ऑर्डरची तयारी होते. येतात २८. उरलेले शेंगदाणे आणि खोबरं खवट होतं, पैसे अडकतात ते वेगळेच. उलट, ३३ टक्के बघून घाबरलात तर चांगल्या चाललेल्या मालाचा भाव उगाच पाडून बसता.

मग टक्के कधी धरायचे? सोपी चाचणी आहे. १०० ला मागच्या महिन्याच्या ऑर्डरनी भागा. ८ ऑर्डर असतील तर उत्तर १२.५ येतं. म्हणजे शेजारच्या काकूंनी एक डबा जास्त घेतला की तुमची ‘ग्रोथ’ साडेबारा टक्क्यांनी हलते! २०० ऑर्डर असतील तर एका ऑर्डरने अर्धाच टक्का हलतो. तिथे टक्केवारीला अर्थ आहे.

तोवर वहीत दर महिन्याला असं लिहा:

सप्टेंबर: २८ ऑर्डर (ऑगस्ट २१, म्हणजे ७ जास्त)
नवीन गिऱ्हाईक १८, परत आलेले १०

दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. नवीन माणूस ओळखीने किंवा जाहिरातीने एकदा येतो. परत येतो तो चवीसाठी. परत येणारे दर महिन्याला वाढत असतील, तर पुढच्या महिन्याच्या मालाचा अंदाज त्यांच्यावर बांधा.

आणि सणाचं काय? दिवाळीच्या महिन्याची तुलना आधीच्या महिन्याशी करूच नका, मागच्या दिवाळीशी करा. तीही ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र धरून. कारण २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि २०२६ चं ८ नोव्हेंबरला. नुसता ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून पाहिलात, तर धंदा घटल्यासारखा दिसेल. खरं तर सण पुढे सरकलेला असतो.

आज वही उघडा, मागचे चार महिने याच पद्धतीने लिहून काढा. कर्ज मागायला गेलात किंवा भागीदार शोधायला बसलात, तरी हीच दोन ओळींची नोंद समोर ठेवा. ‘किती वरून किती?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आधीच असेल.