कातळसडा की वस्ती?

विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगास वसलेल्या खारेपाटणच्या परिसराचा भूवापर-नकाशा उपग्रहचित्रावरून तयार करावयाचा झाल्यास संगणकाला आधी नमुने दाखवावे लागतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट १० मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे एका गुंठ्याची असते. शेती, पाणी, वस्ती व वन यांच्या खात्रीच्या जागांभोवती जाणकाराने सीमा आखल्या, की त्यांतील प्रकाश-परावर्तनाशी ताडून संगणक उर्वरित प्रत्येक चौकट या चारांपैकी एका वर्गात घालतो.

अडचण येथेच उद्भवते. उन्हाळ्यात गवत वाळलेला जांभ्याचा सडा यांपैकी कशातच बसत नाही. त्याचे परावर्तन कौलांशी व मोकळ्या अंगणांशी मिळतेजुळते असल्याने तो वस्तीत जमा होतो आणि गाव नकाशात फुगते. म्हणून सड्याचे नमुने घेऊन पाचवा वर्ग करावा.

चूक ओळखण्यासाठी काही ज्ञात जागा नमुन्यांतून वगळून राखून ठेवतात. समजा, सड्यावरील अशा ५० जागांपैकी ३० वस्तीत निघाल्या, तर एकूण अचूकता चांगली दिसली तरी वस्तीचे क्षेत्र ग्राह्य धरू नये. झाडांच्या छायेतील एकटे घर मात्र पाचव्या वर्गानेही सापडत नाही. तेथे ग्रामपंचायतीची घरांची नोंदवहीच पाहावी लागते.