पृष्ठ क्रमांक नसलेल्या ई-बुकाचा संदर्भ

ई-बुकात अक्षराचा आकार वाढवला की मजकूर नव्याने मांडला जातो आणि पानांची संख्या बदलते. मोबाइलवरचे एकविसावे पान टॅबलेटवर बारावे होऊ शकते. म्हणून पडद्यावर दिसणारा असा आकडा तळटीपेत देऊन उपयोग नसतो. पीडीएफची पाने स्थिर असतात आणि काही ई-बुकांत छापील आवृत्तीचे पृष्ठ क्रमांक मुद्दाम जोडलेले असतात. तिथे नेहमीप्रमाणे 'पृ.' लिहिता येते. अडचण उरते ती बाकीच्या ई-बुकांची.

संदर्भसूचीत मात्र फारसा फरक पडत नाही. तिथे अख्ख्या पुस्तकाची नोंद असते आणि छापील पुस्तकाच्या नोंदीतही पृष्ठ क्रमांक नसतो. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष हा क्रम तसाच ठेवून शेवटी 'ई-बुक' किंवा 'किंडल आवृत्ती' एवढे जोडले की ती नोंद बाकीच्या सूचीत सहज बसते. नेमकी जागा दाखवायची असते ती तळटीपेत, आणि तिथे पृष्ठाऐवजी प्रकरण व उपशीर्षक द्यावे.

डार्विनच्या 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज'मधला दास-मुंग्यांचा भाग घ्या. तळटीप अशी होईल: डार्विन, ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज, पहिली आवृत्ती (१८५९), ई-बुक, प्रकरण ७, 'स्लेव्ह-मेकिंग इन्स्टिंक्ट' हा भाग. यातले 'पहिली आवृत्ती' हे शब्द गाळले, तर वाचक भलत्याच ठिकाणी पोहोचण्याची शक्यता आहे. १८७२च्या सहाव्या आवृत्तीत डार्विनने आक्षेपांना उत्तर देणारे नवे प्रकरण सातव्या जागी घातले, त्यामुळे सहजप्रवृत्तीचे प्रकरण आठवे झाले. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर या दोन्ही आवृत्त्या मोफत मिळतात. प्रकरणाच्या क्रमांकासोबत त्याचे नावही दिले, तर अशी गफलत लगेच लक्षात येते.

किंडलचा 'लोकेशन' क्रमांक अक्षराच्या आकारानुसार बदलत नाही, त्यामुळे तो वापरण्याचा मोह होतो. पण तो त्या फाइलपुरताच असतो; छापील प्रत किंवा दुसऱ्या ॲपमधली प्रत हाती असलेल्याला त्याचा उपयोग शून्य. एपीए आणि एमएलए या दोन्ही शैली तो टाळायला सांगतात. शिकागो शैलीत तो चालतो, पण एकूण लोकेशनांच्या संख्येसह: 'लोकेशन ४४४ / ३०२३'. एकूण आकडा दिला की जागा पुस्तकाच्या साधारण कितव्या भागात आहे, ते तरी कळते. तेव्हा लोकेशन द्यायचेच असेल, तर प्रकरणाला जोड म्हणून द्यावे, त्याच्या जागी नव्हे.

छापील प्रतीतला पृष्ठ क्रमांक उसना घेऊन ई-बुकाच्या नोंदीला जोडणे सर्वांत वाईट, कारण ती नोंद धड कोणत्याच प्रतीची राहत नाही. तो क्रमांक हवाच असेल, तर छापील प्रत पाहून तिचीच नोंद करावी.

प्रकरण लांबलचक असून त्यात उपशीर्षकेच नसली, तर परिच्छेद मोजून 'प्रकरण ४, परिच्छेद १८' असे लिहावे. परिच्छेद फार असतील, तर अवतरणातले पहिले चार-पाच शब्द जसेच्या तसे दिलेले बरे. ई-बुक वाचणारा ते शोधपेटीत टाकून जागा गाठतो आणि छापील प्रत वाचणाऱ्याला तेवढे एक प्रकरण चाळावे लागते.